मदत हवी आहे: आईच्या ठेवीसाठी बँक बहिणीचं आणि वहिनीचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र मागते आहे

कोरेगावकर

नमस्कार मंडळी. प्रकरण छोटंच आहे, पण डोकं उठलंय.

आई मागच्या दिवाळीनंतर गेली. वडील आधीच गेलेले. तिची गावाकडच्या एका सहकारी बँकेत ७२,००० ची मुदत ठेव आणि बचत खात्यात १५,६०० रुपये आहेत. दोन्हीवर नॉमिनी नाही. ठेव पावतीवर त्या रकान्यात नुसती आडवी रेघ मारलेली आहे, तीही बँकेतल्याच कुणीतरी. मृत्युपत्र नाही.

आम्ही तीन भावंडं. दादा सहा वर्षांपूर्वी गेला, त्याच्यामागे वहिनी आणि पंधरा वर्षांचा पुतण्या. ताई नागपूरला. मी पुण्यात. खिडकीवरच्या साहेबांनी एका चिठ्ठीच्या मागे लिहून दिलंय ते असं: पाचशेच्या स्टॅम्पवर माझा इन्डेम्निटी बाँड, त्यावर दोन जामीनदार, दोघंही त्याच बँकेचे खातेदार हवेत. ताई आणि वहिनी या दोघींची वेगवेगळी ना-हरकत प्रतिज्ञापत्रं, प्रत्येकी पाचशेचा स्टॅम्प आणि नोटरी. "हे जमत नसेल तर कोर्टातून वारस दाखला आणा."

अडचण अशी की दाजींनी ताईला सही करू नको म्हणून सांगितलंय. त्यांना वाटतं यात गावच्या घरावरचा हक्कही जाईल. आमच्यात भांडण नाही, पण अशाने होईल. आणि ८७,६०० रुपयांसाठी जामीनदार व्हा म्हणून कुणाला सांगायचं?

तात्या_वाई

तलाठ्याकडे जाऊन वारस नोंद करून घ्या. फेरफाराचा उतारा बँकेत दाखवला की काम होतं. आमच्या चुलत्यांच्या वेळी असंच केलं होतं.

मंदार_के

तात्या, ती वारस नोंद सातबाऱ्यापुरती. जमिनीच्या दप्तरात कुणाची नावं लागली एवढंच त्यातून कळतं. एखादी ओळखीची बँक ती मानून घेत असेल, पण तो वारस दाखला नव्हे. तो दिवाणी कोर्टातून निघतो, १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली. ठेवीसारख्या रकमेसाठी वारसा हक्क प्रमाणपत्र हा वेगळा अर्ज असतो. दोन्हीत जाहीर नोटीस, वकील आणि कित्येक महिने. एवढ्याशा रकमेला ते करू नका.

अनुपमा

माझ्या सासऱ्यांच्या पतसंस्थेच्या ठेवीचं असंच अडलंय. संचालक म्हणतात सगळ्या सुनांच्या सह्या आणा. रिझर्व्ह बँकेकडे तक्रार केली तर उत्तरच नाही. कुणाला अनुभव?

माजी_शाखाधिकारी

अनुपमाताई, पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तिथे रिझर्व्ह बँकेचे नियम चालत नाहीत. सहकार खात्याच्या निबंधकांकडे जावं लागेल. वेगळा धागा काढा, इथे मूळ प्रश्न बाजूला पडेल.

कोरेगावकर, मी एकतीस वर्षं हेच अर्ज तपासले, दुसऱ्या बँकेत. तुमच्या चिठ्ठीत तीन गोष्टींची गल्लत झाली आहे, एकेक सोडवू.

पहिली, जामीनदार. रिझर्व्ह बँकेने २६ सप्टेंबर २०२५ ला मृत खातेदारांच्या दाव्यांबद्दल नवे निर्देश काढले. बँकांनी ते ३१ मार्च २०२६ पर्यंत लागू करायचे होते. नॉमिनी नसेल, वाद नसेल आणि मृत्युपत्र नसेल तर सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत आणि इतर बँकांत १५ लाखांपर्यंत सोपी पद्धत आहे. दावा अर्ज, मृत्यूचा दाखला, दावेदारांची ओळखपत्रं, दावेदारांचा इन्डेम्निटी बाँड आणि जे दावा करत नाहीत त्यांचं ना-हरकत पत्र. वारस कोण हे दाखवायला वारस दाखला किंवा त्याऐवजी कुटुंबाला नीट ओळखणाऱ्या, पण कुटुंबातल्या नसलेल्या माणसाचं निवेदन. या मर्यादेच्या आत तिऱ्हाईत जामीनदार मागायचा नाही. तुमचं प्रकरण ८७,६०० चं. जामीनदार विसरा.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ना-हरकत त्याचीच लागते जो वारस असून पैसे मागत नाही. ताईंना त्यांचा वाटा हवाय की त्या तो तुम्हाला सोडताहेत?

कोरेगावकर

सोडण्याचा विषयच निघाला नव्हता. मी एकट्याने दावा करायचा आणि नंतर आपापसात वाटून घ्यायचे असं ठरलं होतं. साहेबच म्हणाले, "एकाच्या नावावर करा, सोपं पडतं."

माजी_शाखाधिकारी

बँकेला सोपं पडतं, एकच चेक निघतो. तुम्हाला नाही. ताईंना सहदावेदार करा. मग त्यांच्याकडून ना-हरकत मागायचं कारणच उरत नाही, त्या तुमच्याच बाँडवर सही करतील आणि त्यांचे पैसे थेट त्यांच्या खात्यात जातील. दाजींची शंकाही मिटली.

आता वहिनी. इथे बँकेचं साफ चुकलंय. हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिचे वारस म्हणजे मुलं, नवरा आणि आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलं. वारलेल्या मुलाची बायको त्यात नाही. ही ठेव वडिलांची असती तर वहिनी वारस ठरल्या असत्या, कारण पुरुषाच्या वारसांची यादी निराळी आहे. म्हणजे ज्यांची ना-हरकत मागितली त्या वारस नाहीत आणि जो वारस आहे त्या पुतण्याचं नाव चिठ्ठीत नाही.

मंदार_के

हे मलाही माहीत नव्हतं. म्हणजे वहिनीची सही लागणारच नाही?

माजी_शाखाधिकारी

लागेल, पण पुतण्याची पालक म्हणून. तीन वाटे पडतात, प्रत्येकी २९,२०० चे. दादाचा वाटा पुतण्याला. तो अज्ञान आहे, त्यामुळे त्याच्या वतीने "हरकत नाही" असं लिहून त्याचा वाटा सोडून देता येत नाही. शहाणा अधिकारी तसा कागद घेणारही नाही, कारण मुलगा अठराचा झाल्यावर तो मागे लागू शकतो. त्याच्या नावाचं, वहिनी पालक असलेलं खातं काढा आणि त्यात त्याचे २९,२०० भरायला सांगा. दावा अर्जात त्याचं नाव दावेदार म्हणून, पालक म्हणून वहिनींची सही.

अनुपमा

म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत विधवा जाऊबाईंचं नाव येणार, हे बरोबर ना? आणि आजेसासूबाई अजून आहेत, ९१ वर्षांच्या. त्यांचंही?

माजी_शाखाधिकारी

दोघींचंही येतं. पुरुषाच्या बाबतीत आई पहिल्या वर्गातली वारस आहे, आणि लोक नेमकं तेच विसरतात. पण दुसऱ्या, हयात मुलांच्या बायकांच्या सह्यांचा संबंध नाही, त्या वारस नाहीत.

तात्या_वाई

इन्डेम्निटी बाँडचं मला भ्या वाटतं. उद्या बँकेचं काही नुकसान झालं तर आपण भरायचं, असं त्यात लिहिलेलं असतं. कशाला सही करावी?

मंदार_के

तात्या, त्याचा अर्थ एवढाच की उद्या आणखी कुणी वारस उभा राहिला आणि बँकेला त्याला पैसे द्यावे लागले, तर आपण बँकेचं भरून देऊ. पण छापील मजकूर वाचल्याशिवाय सही करू नका, हे खरं. त्यात "संयुक्तपणे व स्वतंत्रपणे" असं असतं. म्हणजे वसुली करायची झाली तर बँक तिघांपैकी एकाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकते. भावंडांत विश्वास असेल तर हरकत नाही. खाते क्रमांक, ठेव पावती क्रमांक आणि रक्कम बाँडमध्ये घाला. रिकाम्या जागा ठेवून सही करू नका.

स्टॅम्पबद्दल एक. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा स्टॅम्प गेला, पाचशेचाच घ्यावा लागतो. तो घेतल्यापासून सहा महिन्यांत वापरायचा. माझा एक असाच कपाटात पडून वाया गेला, कारण मामा सहीला येईतो आठवा महिना उजाडला.

कोरेगावकर

दाजींना फोन केला होता. त्यांच्याकडे ना-हरकतीचा नमुना व्हॉट्सॲपवर आलाय. त्यातली एक ओळ वाचून दाखवली: "मयताच्या सर्व स्थावर व जंगम मिळकतीवरील माझा हक्क, हितसंबंध स्वेच्छेने सोडत असून भविष्यात कोणतीही तक्रार करणार नाही." हे ठेवीच्या कागदात कशाला हवं?

माजी_शाखाधिकारी

नकोच. दाजींचं बरोबर आहे, मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. घराचा हक्क अशा कागदाने जात नाही, त्याला नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र लागतं. पण पुढे घरावरून वाद झाला तर हाच कागद समोर टाकला जातो. जिथे खरंच ना-हरकत द्यायची असते तिथे "अमुक शाखेतील अमुक क्रमांकाची ठेव, एवढीच रक्कम" असा मजकूर पुरतो. ही ओळ कुठून आली सांगू? टायपिंगवाला हक्कसोडाचा जुना मजकूर उचलून छापतो आणि शाखेत तो कुणी वाचत नाही.

कोरेगावकर

आज जाऊन आलो, ताजी खबर देतो.

लेखी अर्ज दिला, तिघे दावेदार, पुतण्याच्या नावापुढे पालक म्हणून वहिनी. पोच घेतली. शेजारच्या निवृत्त गुरुजींनी वारसांबद्दल निवेदन लिहून दिलं. त्यांनी मला पहिलीत शिकवलंय आणि आईच्या तेराव्याच्या पंगतीलाही होते. साहेबांनी रिझर्व्ह बँकेच्या निर्देशाची प्रिंट दोनदा उलटून पाहिली, मग आत जाऊन व्यवस्थापकांशी बोलले. जामीनदाराची अट गेली. वहिनीचं ना-हरकत पत्रही गेलं. मुदतीपूर्वी ठेव मोडली म्हणून दंड लागणार नाही, हे स्वतःहून सांगितलं.

दोन गोष्टी लटकल्यात. ताईने बाँडवर सही शाखेत येऊनच करायची असा आग्रह आहे. नागपूरहून एका सहीसाठी? आणि गुरुजींचं निवेदन साधं नको, नोटरी करून आणा म्हणतात.

मंदार_के

सहीचं लेखी मागा. "प्रत्यक्ष हजेरी आवश्यक" हे कुठल्या नियमाने, ते लिहून द्या म्हणा. बहुतेक वेळा तिथेच अट विरते. नोटरीसमोर नागपूरला सही करून बाँड कुरिअरने पाठवला तर चालेल का, तेही त्याच पत्रात विचारा.

माजी_शाखाधिकारी

गुरुजींच्या निवेदनाचं मी भांडण करणार नाही. एक नोटरी करून टाका, वेळ वाचेल. तत्त्वाला धरून बसायचं असेल तर बसा, पण त्यात महिना जाईल.

ताईंच्या सहीबद्दल मंदारशी सहमत. आणि शेवटचा कागद पोचवला त्या दिवसाची पोच जपून ठेवा. सगळी कागदपत्रं मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने दावा निकाली काढायचा आहे. त्यापुढे बँकेमुळे उशीर झाला तर बँक दर अधिक चार टक्के या हिशेबाने व्याज द्यावं लागतं. एवढ्या छोट्या रकमेला ते फारसं होणार नाही, पण तारीख असली की साहेब फाइल वर घेतात. तक्रार करायची झाली तर आधी बँकेकडे लेखी. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर.

तात्या_वाई

माझ्या बायकोच्या खात्याला नॉमिनी आहे की नाही, तेच मला माहीत नाही. सोमवारी पासबुक घेऊन जातो.

कोरेगावकर

ताईच्या सहीचं पत्र टाकलं, उत्तर आलं की इथेच लिहितो. दाजी म्हणतात त्यांना बाँडचा मजकूर आधी पाठवा. टायपिंगवाल्याला सांगितलंय की तो जुना परिच्छेद काढून टाक, तर तो म्हणतो, "साहेब, हे सगळ्यांच्याच कागदात असतं."