कोअॅक्शियलची घरघर

>> कोअॅक्शियल जोडली की स्पीकरमधून सतत घूं येतं, ऑप्टिकलने जाईल का?

बहुतेक जाईल. टीव्हीचा आवाज अॅम्प्लिफायरकडे नेणाऱ्या या दोन्ही वायरींतून तोच डिजिटल सिग्नल जातो, त्यामुळे दर्जात फरक नाही, हे मान्य. पण कोअॅक्शियलच्या आरसीए प्लगच्या बाहेरच्या कड्यातून टीव्ही आणि अॅम्प्लिफायरचं अर्थिंग एकमेकांना जोडलं जातं. केबलवाल्याच्या वायरीचं अर्थिंग वेगळं असेल, तर त्या वाटेने ५० हर्ट्‌झची घरघर अॅम्पमध्ये शिरते. खात्री करायची तर सेट-टॉप बॉक्समध्ये येणारी केबल क्षणभर काढून बघा. घूं थांबलं तर कारण तेच. ऑप्टिकलमध्ये विजेची तारच नसते, म्हणून ती वाट बंद होते. फक्त लावताना टोकांवरच्या प्लास्टिकच्या टोप्या काढा आणि टीव्हीमागे वायर करकचून दुमडू नका.