ग्लुकोज आधी, लॅक्टोज नंतर: सगळं श्रेय सी-एएमपीला कशाला?

मूळ पोस्ट, अभ्यासकट्टा: "ग्लुकोज असेल तर पेशीतला निरोप्या रेणू सी-एएमपी कमी, म्हणून लॅक्टोज वापरायला लागणारा जनुकांचा गट, लॅक ऑपेरॉन, बंद. ग्लुकोज संपलं की सी-एएमपी वाढतो आणि ऑपेरॉन सुरू. ई. कोलाय जिवाणू आधी ग्लुकोजवर वाढतो, जरा थांबतो आणि मग लॅक्टोजवर वाढतो, त्या दोन टप्प्यांच्या वाढीमागे एवढंच आहे. उगाच अवघड करून सांगणाऱ्यांपासून सावध राहा."

प्रयोगवही: त्या 'सावध राहा'मुळे लिहायला बसलो. १९९६ मध्ये इनादा, किमाता आणि आइबा यांनी ई. कोलायमधला सी-एएमपी दोन्ही टप्प्यांत मोजला. ग्लुकोजवर वाढताना आणि पुढे लॅक्टोजवर वाढताना तो जवळपास सारखाच निघाला. चढतो तो फक्त मधल्या थांब्यात. मग दुसऱ्या टप्प्यात तो खाली आलेला असताना लॅक ऑपेरॉन जोरात कसा चालतो, सांगा.

खरी अडवणूक दारातच होते. ग्लुकोज आत घेताना त्याला फॉस्फेट चिकटवला जातो. तो फॉस्फेट ईटूए नावाच्या प्रथिनाकडून पुढे जातो, त्यामुळे ग्लुकोज भरपूर असेल तेव्हा ईटूए बहुतेक रिकामंच असतं. हे रिकामं ईटूए लॅक्टोज आत आणणाऱ्या परमिएजला धरून ठेवतं. लॅक्टोज आत येत नाही, त्यामुळे ऑपेरॉन बंद ठेवणारा रिप्रेसर डीएनएवरून हलत नाही. विषय संपला. पडताळायचं असेल तर रिप्रेसर सोडवणारं रसायन आयपीटीजी टाका, त्याला आत शिरायला परमिएजची गरज नसते. रिप्रेसर सुटतो आणि ग्लुकोज असूनही वाढीच्या रेघेतली दोन टप्प्यांमधली पायरी दिसेनाशी होते.

जुना_मास्तर: म्हणजे आम्ही इतकी वर्षं खोटं शिकवलं? १९६८ मध्ये उल्मान आणि मोनो यांनी सी-एएमपी बाहेरून दिला आणि ग्लुकोजचा दाब उठला. ते काय स्वप्नात पाहिलं होतं का?

प्रयोगवही: सर, त्या प्रयोगाबद्दल वाद नाहीच. ऑपेरॉन उघडल्यावर किती जोरात चालेल, ते सी-एएमपी ठरवतो. आधी कोणती साखर खायची, हे ठरतं परमिएजपाशी. पोस्टमध्ये या दोन्हीची खिचडी झाली आहे.

जुना_मास्तर: बरं. खिचडी तर खिचडी. पण ते ईटूएच फॉस्फेटसकट असलं की सी-एएमपी बनवणाऱ्या एन्झाइमला जागं करतं, हे तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत.

प्रयोगवही: गाळलं, कारण थांब्यात सी-एएमपी का चढतो एवढंच त्याने कळतं.

नापास_पण_बरोबर: हे सगळं एका प्रवेश परीक्षेत लिहून आलो आणि शून्य मिळालं! उत्तरपत्रिकेत फक्त 'सी-एएमपी'. आक्षेप नोंदवायलाही पैसे.

अभ्यासकट्टा: परीक्षेत परीक्षेचं उत्तर लिहायचं असतं. मार्क हवे की शहाणपणा?

नापास_पण_बरोबर: तुमच्यासारख्यांच्या नोट्समुळेच चुकीच्या उत्तरपत्रिका तयार होतात.

जुना_मास्तर: भांडा आता. उत्तरपत्रिका काढणाऱ्याला रात्री बारापर्यंत काय मानधन मिळतं ते आधी विचारा.

नापास_पण_बरोबर: मानधन कमी म्हणून आमचं वर्ष घालवायचं का?

सुगरण_साताऱ्याची: मधेच विचारते, राग मानू नका. विरजणाच्या दुधात साखर घातली तर दही उशिरा लागतं का? ते जिवाणूही आधी साखरच संपवत असतील ना?

प्रयोगवही: ताई, दह्यातल्या स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलसला लॅक्टोजच जास्त आवडतं, ग्लुकोज मागे पडतं. लॅक्टोज फोडून त्यातला गॅलॅक्टोज तो बहुधा बाहेर टाकतो. 'सगळे जिवाणू ग्लुकोज आधी' हेही खरं नाही. स्यूडोमोनास तर सक्सिनेट आधी खातो. आणि बॅसिलस सबटिलिस ग्लुकोज आधी खातो, पण या कामात सी-एएमपी वापरतच नाही. ते काम त्याच्याकडे सीसीपीए नावाचं प्रथिन करतं.

एमएस्सी_भाग२: आमच्या प्रॅक्टिकलला पायरी आलीच नाही, रेघ सरळ चढत गेली. मॅडम म्हणाल्या, हात चुकला.

प्रयोगवही: माध्यम कोणतं होतं? एलबी? त्यात पेप्टाइडं ढीगभर असतात, पायरी बुजून जाते. एम९ घ्या, ०.०५% ग्लुकोज आणि ०.२% लॅक्टोज. आधीचं कल्चर ग्लुकोजवर वाढवलेलं असू द्या, लॅक्टोजवरचं घेतलंत तर परमिएज आधीच तयार असतं आणि थांबा आखडतो. ओडी, म्हणजे कल्चरचा गढूळपणा, ०.६ च्या आसपास पोचला की रेघ आडवी होईल. ग्लुकोज निम्मं केलंत तर आडवी रेघ साधारण ०.३ ला येईल. मोनोने १९४१ च्या प्रबंधात हाच धागा धरला होता: पहिल्या टप्प्याची उंची पहिल्या साखरेच्या मापात बदलते. आणि रीडिंग तासातासाने घेतलंत तर अर्धा-पाऊण तासाचा थांबा निसटतोच. दहा मिनिटांनी घ्या.

एमएस्सी_भाग२: तासानेच घेतलं होतं. कॅन्टीन सुरू होतं.

अभ्यासकट्टा: ठीक आहे हो, ई. कोलायच्या लॅक्टोजपुरतं तुमचं खरं धरू. पण मग सी-एएमपी कशासाठी? शोभेला?

प्रयोगवही: २०१३ चं ह्वा यांच्या गटाचं काम बघा. आत ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटसारखी कीटो आम्लं साठली की सी-एएमपी घटतो. म्हणजे कार्बन जास्त आणि नायट्रोजन कमी असला तरी तो उतरतो, ग्लुकोजच लागतं असं नाही. पण थांब्यात काही पेशी लगेच लॅक्टोजवर का जातात आणि बाकीच्या का मागे राहतात, यावर माझं अजून समाधान झालेलं नाही.

नापास_पण_बरोबर: मग आक्षेपाचे पैसे परत मिळतील का?