कंटिन्युअस सेक्शन ब्रेक पुसला आणि वरचा मजकूर बिघडला: ही वर्डची खोड नाही तर काय?

ओझरकर: द्राक्ष बागायतदारांच्या मेळाव्याचं माहितीपत्रक, ए४ पान. वर निवेदन एका कॉलममध्ये, समास २.५ सेमी. खाली औषधांची यादी दोन कॉलममध्ये, समास १.५ सेमी. मधली ठिपक्यांची दुहेरी रेघ छापली जाईल म्हणून डिलीट केली, तर निवेदनच दोन कॉलममध्ये गेलं, समासही १.५ झाले. खालची यादी जशीच्या तशी! माझ्या मते हा सरळ दोष आहे.

पंचवटी_डीटीपी: दोष नाही. ब्रेक हा खालच्या भागाची सुरुवात दिसतो, पण त्यात समास, कॉलम, हेडर-फूटर साठवलेले असतात ते वरच्या भागाचे. तो गेला की वरच्या मजकुराला स्वतःचं काही उरत नाही. तो पुढच्या सेक्शनमध्ये मिसळतो आणि त्याचंच सगळं घेतो. शेवटच्या सेक्शनची मांडणी फाइलच्या अगदी शेवटी असते, म्हणून यादी हलली नाही.

आत्ता लगेच Ctrl+Z करा. ती रेघ छापली जात नाही, फक्त स्क्रीनवर दिसते. नकोशी वाटली तर Ctrl+Shift+8 ने लपवा.

सिडकोकर: मग सोपं आहे, वरच्या भागात कर्सर ठेवून पुन्हा एक कॉलम करायचा.

पंचवटी_डीटीपी: पुसल्यानंतर तसं केलंत तर यादीही एका कॉलममध्ये येईल, कारण आता दोन्ही मिळून एकच सेक्शन आहे. दोन भाग वेगळे हवे असतील तर ब्रेक ठेवावाच लागतो. सगळंच निवेदनासारखं हवं असेल, तर आधी कर्सर यादीत न्या, Layout → Columns → One करा, समास २.५ करा, आणि मगच ब्रेक पुसा. वरच्या भागाचं हेडर वेगळं असेल तर तेही खालच्या भागात आधी आणून ठेवा.

गंगाघाट: माझी अडचण तीच. पान क्रमांक मधूनच पुन्हा १ पासून सुरू होतात, ब्रेक काढू का?

पंचवटी_डीटीपी: नको, ती गोष्ट वेगळी. त्या भागात Format Page Numbers उघडून Continue from previous section निवडा.

ओझरकर: रेघ परत आणली. कारण समजलं, पण पटलं नाही. हेडर Link to Previous असेल तर वरून खाली उतरतं, मग पुसताना खालचं वर का चढावं? निदान एकदा विचारायला तरी हवं होतं.

सिडकोकर: विचारायला हवं, हे मात्र बरोबर. कॉलमच नकोत, दोन रकान्यांचं बिनरेघी टेबल घाला. ब्रेकचा प्रश्नच मिटला.

पंचवटी_डीटीपी: लहान यादीला चालेल. दोन पानांची यादी असेल तर मजकूर डाव्या रकान्यातून उजव्यात आपोआप जात नाही. एक औषध वाढलं की उरलेली नावं हाताने सरकवत बसा.