अनुभव धागा: जागेवरून अबोला धरलेल्या भावंडाला पाठवलेला पहिला मेसेज

रेवती_कोथरूड

या विषयावर सगळे वकील, हिस्से, कायदा यावरच बोलतात, पण तीन वर्षं न बोललेल्या भावाला पहिलं वाक्य काय लिहायचं हे कोणी सांगत नाही म्हणून धागा काढतेय. ज्यांनी असा मेसेज पाठवलाय किंवा ज्यांना आलाय त्यांनी प्लीज लिहा, जमलं नसेल तरी लिहा.

माझं सांगते. कोथरूडचा फ्लॅट बाबांच्या एकट्याच्या नावावर. बाबा 2016 ला गेले, आई 2021 ला, मृत्युपत्र दोघांचंही नाही. दादा-वहिनी तिथेच राहतात, मी सिंहगड रोडला. आईच्या वर्षश्राद्धाला जेवणं झाल्यावर दादा म्हणाला नॉमिनी मी आहे, विषय संपला. मी म्हणाले आई असताना तर असं नव्हतं ठरलं. मग नको ते दोघंही बोललो आणि त्यानंतर राखी नाही, भाऊबीज नाही, काहीच नाही. या वर्षी सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली आणि वारसांच्या सह्या लागणार म्हणून मलाही पत्र आलं. म्हणजे कोणीतरी बोलणं भागच होतं.

पहिला मेसेज लिहिला तो असा होता: "दादा, मला तुझं काही नकोय, पण आईबाबांच्या घरात माझाही हक्क आहे हे तू विसरू नकोस, मला भांडायचं नाहीये पण वेळ आली तर मला कायदेशीर मार्ग घ्यावा लागेल, बघ काय ते." मैत्रिणीला दाखवला. ती म्हणाली यात बोलायला ये असं कुठे लिहिलंयस? परत वाचला तर खरंच नव्हतं. शिवाय मला काही नको आणि हक्क आहे हे दोन्ही एकाच श्वासात, तो कशाला उत्तर देणार?

चार दिवस खोडत बसले. शेवटी गेला तो हा:

"दादा, रीडेव्हलपमेंटचं पत्र मलाही आलंय. आईबाबांच्या फ्लॅटचं पुढे काय करायचं याबद्दल तुझं म्हणणं मला तुझ्याकडून ऐकायचंय, माझंही सांगायचंय. मी काही ठरवून बसलेली नाहीये. तुला सोयीचं असेल तेव्हा, घराबाहेर कुठेतरी, आपण दोघंच तासभर भेटायचं का? आत्ता नको असेल तर तसं सांगितलंस तरी चालेल. छकू."

छकू म्हणून सही करू की नको यावर सर्वात जास्त वेळ गेला. तो मला त्याच नावाने हाक मारतो, मारायचा.

मंगळवारी संध्याकाळी पाठवला. फक्त त्याला, फॅमिली ग्रुपवर नाही. ब्लू टिक लगेच आली आणि मग अकरा दिवस काही नाही. त्या अकरा दिवसांत मी तीनदा "मिळाला ना मेसेज?" टाइप करून खोडलं. बाराव्या दिवशी त्याचं उत्तर आलं, "कुठे भेटायचं". प्रश्नचिन्ह पण नव्हतं. पुढचं नंतर लिहिते, आधी तुमचे अनुभव वाचायचेत.

पिंपळेकर

मी काय करू नये ते सांगतो. रात्री साडेअकराला चार मिनिटांची व्हॉइस नोट, आणि ती फॅमिली ग्रुपवर, कारण वाटलं सगळ्यांसमोर असलं की धाकटा टाळू शकणार नाही. सुरुवातीला मी खरंच शांतपणे बोललो होतो पण तिसऱ्या मिनिटाला बाबांच्या आजारपणाचं निघालं आणि आवाज चढला. काकांनी तेवढाच तुकडा ऐकला, आत्याने मध्ये पडून अजून वाढवलं, धाकट्याची बायको ग्रुपमधून बाहेर पडली. आज दीड वर्ष झालं. आता मी साधा लेखी मेसेज पाठवला तरी त्याला ती नोटच ऐकू येणार, हा माझा खरा प्रश्न आहे. आधी त्या नोटबद्दल माफी मागू का थेट भेटूया म्हणू? दोन्ही एकत्र लिहिलं की माफी ही नुसती प्रस्तावना वाटते.

श्रीरंग_वारजे

रेवतीताई, एक महत्त्वाचं. मुलींना हक्क हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मिळाला आणि तुमचे बाबा 2016 ला गेले म्हणजे तुम्ही सेफ आहात. 2005 च्या आधी वडील गेले असते तर काहीच मिळालं नसतं. मेसेजमध्ये हा कायदा लिहायला हवा होता, म्हणजे भावाला एकदाच कळलं असतं.

माध्यस्थ_निवृत्त

वकिली आणि नंतर बरीच वर्षं कोर्टाच्या माध्यस्थी केंद्रात काम केलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

श्रीरंगराव, 2005 ची दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबद्दल आहे, आणि तिथेही वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत असं नाही हे सुप्रीम कोर्टाने 2020 ला विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलंय. पण रेवतीताईंच्या बाबांनी फ्लॅट स्वतःच्या कमाईतून घेतला असेल, तर प्रश्नच वेगळा. मृत्युपत्र नसेल तर स्वकष्टार्जित मिळकतीत बायको, मुलगा, मुलगी यांना सारखा वाटा, हे 1956 च्या कायद्यापासूनच आहे. बाबा गेल्यावर तिघांचे तीन भाग, आई गेल्यावर तिचा भाग दोघांत, म्हणून आज दोघं निम्मे-निम्मे. सोसायटीच्या दप्तरी नॉमिनी असल्याने दादा एकटा मालक होत नाही.

आणि म्हणूनच पहिल्या मेसेजात कायदा लिहू नये. चुकीचं कलम लिहिलंत तर समोरचा तेवढंच पकडतो, बरोबर लिहिलंत तर तो वकिलाकडे जातो. दोन्हीत भेट होत नाही.

माझ्याकडे आलेल्या कित्येक भांडणांत असे जुने मेसेज फाइलला लावलेले असायचे. ते वाचून माझं मत बनलंय की पहिल्या मेसेजात रक्कम, टक्केवारी, मुदत आणि तिसऱ्या माणसाचं नाव यातलं काहीच नको. "तुझ्या बायकोने" हा शब्द आला की मेसेज तिथेच संपतो. मुदत खरंच असेल, जशी इथे सोसायटीची आहे, तर ती सोसायटीच्या पत्राची गोष्ट म्हणून सांगायची, आपली अट म्हणून नाही. रेवतीताईंनी नेमकं तेच केलंय.

दुसरं, "मला काही नको" कधीच लिहू नका. त्याने कायद्याने हक्क सुटत नाही, त्याला हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. पण पुढे प्रत्येक बैठकीत तो स्क्रीनशॉट समोर येतो आणि तुम्ही शब्द फिरवला असं होतं. व्हॉट्सअॅपचा मेसेज कोर्टात पुरावा म्हणून दाखल होऊ शकतो हे लक्षात ठेवूनच लिहायचं.

मुळशीचा_बाळू

माझंपण तेच आहे. मुळशीत गावची जमीन, वडील मागच्या वर्षी गेले, थोरल्याने वारस नोंदीला अर्ज दिला त्यात दोन्ही बहिणींची नावं नाहीत आणि माझं आहे. तलाठ्याकडून नोटीस निघाली. हरकत कशी घ्यायची, कागद कुठले लागतात? बहिणी म्हणतात आधी भाऊशी बोल.

माध्यस्थ_निवृत्त

बाळू, तुमचा प्रश्न मेसेजचा नाही, पण त्यात एक धोका आहे म्हणून सांगतो. फेरफारावर हरकतीला नोटिशीपासून पंधरा दिवस असतात. भावाच्या उत्तराची वाट बघत ते घालवू नका, बहिणींनी लेखी हरकत देऊन पोच घ्यावी. मात्र त्याच दिवशी थोरल्याला स्वतः कळवा, "भाऊ, नोंदीत ताईंची नावं राहिली म्हणून त्यांनी हरकत दिलीये, मुदत होती म्हणून थांबता आलं नाही, तुझ्याशी बोलायचंय." त्याला हे तलाठ्याच्या तोंडून कळलं तर तुमचं पुढचं कुठलंच वाक्य तो खरं मानणार नाही.

निगडीहून

मी मेसेज आलेल्या बाजूचा. बहिणीने लिहिलं होतं, "एकदा बसून सगळं क्लिअर करूया." तिच्या मनात वाईट काही नव्हतं हे आज कळतं. पण मला वाचताना वाटलं हिच्या शेजारी वकील बसलाय. क्लिअर करूया म्हणजे माझ्याकडून काहीतरी निघायचंय.

तिला कसं माहीत असणार, पण आईची शेवटची चार वर्षं मी काढली होती. रात्रीची बाई, डायपर, ऑक्सिजनचं मशीन, सोसायटीचा मेंटेनन्स. हिशोब मागायचा नव्हता मला. एवढंच वाटायचं की घराचा विषय काढताना तिने ते एकदा म्हणावं. दोन महिने उत्तर दिलं नाही. मग तिचा दुसरा मेसेज आला, "आईचं सगळं तू केलंस, मी लांब होते. घराबद्दल बोलताना ते बाजूला ठेवून बोलायचं नाहीये मला." त्याच रात्री फोन केला.

माझं म्हणणं, रेवतीताईंच्या मेसेजात ते नाहीये. दादा-वहिनीने आईचं केलं असेल तर तेवढी एक ओळ हवी होती.

रेवती_कोथरूड

निगडीहून, हे वाचून गप्प बसले. खरंय. वहिनीने केलं आईचं. मी ते लिहिलं नाही कारण मला भीती होती की ते लिहिलं तर हिस्सा सोडल्यासारखं होईल.

माध्यस्थ_निवृत्त

तसं होत नाही ताई. "तुम्ही आईचं केलंत" ही वस्तुस्थिती आहे, "म्हणून घर तुमचं" हे वेगळं वाक्य आहे. पहिलं लिहा, दुसरं लिहू नका. पण पहिल्याच मेसेजात की भेटीत तोंडी, यावर माझंही ठाम मत नाही. तीन वर्षांनी अचानक आलेलं कौतुक काहींना लाच वाटते, तसंही पाहिलंय.

स्नेहल_धायरी

आमच्याकडे मेसेज, चिठ्ठी, मावशीमार्फत निरोप, सगळं झालं. दोन वर्षं एकही उत्तर नाही. आता वाटपाचा दावा टाकलाय शिवाजीनगर कोर्टात. मेसेज अगदी साधे होते, कोणी वाचले तरी लाज वाटणार नाही असे. तरी नाही झालं. किती दिवसांनी थांबायचं हे कोणी सांगू शकेल का, कारण मी बहुतेक एक वर्ष उशिरा थांबले.

श्रीरंग_वारजे

मध्यस्थसाहेब, फ्लॅट आणि वडिलोपार्जित यात माझा घोळ झाला होता, धन्यवाद. पण भावाला कायदा माहीतच नसेल तर तो भेटायला येईलच कशाला, हे मला अजून पटत नाही.

रेवती_कोथरूड

राहिलेलं लिहिते. कमला नेहरू पार्कमध्ये भेटलो, सकाळी सातला, कारण दादाला गर्दी नको होती. पहिली पंधरा मिनिटं त्याच्या गुडघ्याचं बोललो. मग तो म्हणाला, तुझा मेसेज वहिनीला वाचायला दिला, ती म्हणाली यात भांडण नाहीये, जा. मी त्याला तिथेच सांगितलं की वहिनीने आईचं जे केलं ते मी वर्षश्राद्धाला बोलायला हवं होतं. तो काही बोलला नाही, बाकावरची पानं झटकत बसला.

हिश्श्याचं काहीही ठरलं नाही. एवढंच ठरलं की शेअर सर्टिफिकेट, बाबांच्या नावाचा करारनामा आणि नॉमिनेशनचा कागद तो आणेल आणि दोघं मिळून वाचू. नॉमिनी म्हणजे मालक हे अजून त्याच्या डोक्यात आहे, त्यावर मी त्या दिवशी वाद घातला नाही. रविवारी परत भेटतोय. या वेळी वहिनीलाही घेऊन येऊ का असं त्याने विचारलंय, मी हो म्हणाले, आता ह्यांना न्यायचं की नाही ते ठरत नाहीये.

पिंपळेकर

ताई, तुमचं वाचून काल फक्त त्या नोटबद्दल लिहिलं. "त्या रात्री ग्रुपवर टाकलं ते चुकलं, तुझ्याशी बोलायला हवं होतं." जागेचं काहीच नाही लिहिलं. वाचलंय त्याने.