मदत हवी आहे: दुचाकीच्या विम्याचे ४९१ आणि १,३१७ असे दोन भाव आले आहेत, कोणता घ्यावा?

पांदणरस्ता:
मी हिंगणघाट तालुक्यातील एका गावात राहतो. माझ्या गाडीचा विमा येत्या रविवारी संपतो आहे. मोबाइलवर पाहिले तर एक कंपनी ४९१ रुपयांत विमा देते आहे आणि एजंटने दिलेला कागद मात्र १,३१७ रुपयांचा आहे. गाडी तीच आणि मालकही तोच असताना भावात अडीच पटीहून जास्त फरक पडतो, म्हणजे एजंट आपले कमिशन काढत असावा. ४९१ चा घेऊन टाकू का, एवढेच कृपया लवकर सांगावे.

मास्तर_दारव्हा:
आपण गाडी कोणत्या वर्षाची, किती सीसीची, दोन्ही कागदांवर आयडीव्ही म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत किती आणि थर्ड पार्टी चालू आहे की नाही, यांपैकी काहीच लिहिलेले नाही. १२५ सीसीच्या गाडीची एका वर्षाची थर्ड पार्टीच ७१४ रुपये अधिक कर अशी सरकारने ठरवलेली आहे, त्यामुळे ४९१ मध्ये ती नसणार हे उघड आहे. मग हा विमा नेमका कशाचा आहे?

पांदणरस्ता:
गाडी १२५ सीसीची असून नोव्हेंबर २०२२ मध्ये नवीन घेतली आहे. थर्ड पार्टी तेव्हाच पाच वर्षांची भरलेली असल्यामुळे ती नोव्हेंबर २०२७ पर्यंत आहे. आता फक्त ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा घ्यायचा आहे. हे सर्वांच्या लक्षात येईल असे वाटले होते.

नाल्याकाठचा:
थर्ड पार्टी आहे तर बाकी पैसे घालवूच नका, भाऊ. पोलीस तेवढेच विचारतात. मी माझ्या जुन्या गाडीला आठ वर्षे दुसरे काहीही घेतलेले नाही.

संत्राबाग:
आठ वर्षांच्या गाडीचे ठीक आहे, पण तीन वर्षांच्या गाडीला हा सल्ला देऊ नये. पांदणरस्ता, आयडीव्ही नक्की पाहा, कारण ती कमी असली की प्रत्येक क्लेममध्ये त्याच प्रमाणात पैसे कापले जातात. शिवाय एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सवलत, टिकवणारे एनसीबी प्रोटेक्शन जरूर घ्या; माझा ५० टक्के बोनस त्यानेच वाचला.

पांदणरस्ता:
स्वस्त कागदावर आयडीव्ही ४०,००० आहे आणि एजंटच्या कागदावर ५१,०००. स्वस्त कागदावर ओन डॅमेज ६४० रुपये, त्यातून ३५ टक्के एनसीबी वजा आणि वर कर असे लिहिले आहे. एजंटच्या कागदावर ओन डॅमेज ८१६ रुपये, एनसीबी शून्य आणि झिरो डेप, म्हणजे क्लेममध्ये घसारा न कापण्याची जादा सोय, ३०० रुपये आहे. एजंटने एनसीबी का दिला नाही, हा माझा खरा राग आहे.

सर्व्हेकाका:
मी अनेक वर्षे दुचाकींच्या अपघातांचे सर्व्हे केले आहेत. राग धरण्यापूर्वी एक सांगा: गेल्या वर्षभरात आपण क्लेम घेतला होता का?

पांदणरस्ता:
हो, जूनमध्ये रात्री शेतातून येताना रोही आडवा आला आणि गाडी पडली. कंपनीने पैसे दिले. पण मोबाइलवर 'मागील वर्षी क्लेम नाही' हे आधीच निवडलेले होते, मला कोणी विचारले नाही.

सर्व्हेकाका:
मग ४९१ हा आपला भाव नाहीच. क्लेम झाला नसता तर २० आणि २५ नंतर या वर्षी ३५ टक्के मिळाले असते. क्लेम झाला म्हणून एनसीबी शून्यावर आला आणि एजंटने तो बरोबर लिहिला आहे. खोट्या माहितीवर सवलत घेतली आणि पुढे क्लेम आला, तर कंपनी जुन्या कंपनीकडे विचारणा करते आणि मग पैसे कापण्यावरून किंवा क्लेम नाकारण्यावरून वाद सुरू होतो. तेव्हा 'फोनवर आधीच निवडलेले होते' हे उत्तर चालत नाही.

आता दोन्ही कागद एकाच मापावर आणू. ४०,००० वर ६४० आणि ५१,००० वर ८१६ हा दर दोन्हीकडे १.६ टक्केच आहे, म्हणजे एजंट महाग नाही. स्वस्त कागदावर एनसीबी काढून आयडीव्ही ५१,००० केली, तर ८१६ वर १८ टक्के कर मिळून ९६३ रुपये होतात. उरलेले ३५४ रुपये हे झिरो डेप आणि त्यावरचा कर आहे.

आयडीव्ही कमी ठेवून साधारण २०८ रुपये वाचतात, पण गाडी बाजारातून चोरीला गेली तर ११,००० रुपये कमी मिळतील. संत्राबागांचे म्हणणे इथे अर्धेच खरे आहे: चोरीत किंवा गाडी पूर्ण निकामी झाल्यास आयडीव्हीचा परिणाम होतो, पण मडगार्ड किंवा हँडल बदलण्याच्या क्लेममध्ये त्या प्रमाणात कपात होत नाही. तिथे कपात होते ती सुट्या भागांच्या घसाऱ्याची.

संत्राबाग:
माझ्या एजंटने तर तसेच सांगितले होते. बरे, पण एनसीबी प्रोटेक्शनचे काय?

सर्व्हेकाका:
तुमच्याकडे ५० टक्के होते म्हणून उपयोग झाला. यांच्याकडे या वर्षी राखायला काहीच नाही.

मास्तर_दारव्हा:
म्हणजे प्रश्न एवढाच उरला की झिरो डेपचे ३५४ रुपये वसूल होतात का. पांदणरस्ता, जूनचे बिल हाताशी आहे का?

पांदणरस्ता:
बिल ८,००० चे होते. हेडलाइटचे कवच, व्हायझर आणि पुढचे मडगार्ड असे प्लास्टिकचे ३,०००, हँडल आणि सायलेन्सर वगैरे लोखंडी सामान ४,००० आणि मजुरी १,०००. तेव्हा झिरो डेप नव्हते आणि हातात कमी पैसे आले, हे खरे आहे.

सर्व्हेकाका:
तेच बिल पुढच्या वर्षी आले असे धरा. प्लास्टिकवर ५० टक्के म्हणजे १,५०० जातात. तीन वर्षे उलटलेल्या गाडीच्या धातूच्या भागांवर २५ टक्के म्हणजे १,००० जातात. मजुरी कापली जात नाही. ठरलेली १०० रुपयांची कपात धरली तर झिरो डेपशिवाय ५,४०० मिळतील आणि झिरो डेपसह ७,९००. अडीच हजारांच्या फरकासाठी ३५४ रुपये, म्हणजे सात वर्षांत एकदा असा अपघात झाला तरी हिशेब जुळतो. रात्री शेताच्या वाटेने येणाऱ्या माणसाने ते घ्यावे असे माझे मत आहे. सातशे-आठशेच्या फुटलेल्या प्लास्टिकसाठी मात्र क्लेम करू नये, कारण पुढच्या वर्षी २० टक्के एनसीबी मिळायचा तो जातो. याच प्रीमियमवर तो करासह साधारण १९३ रुपये होतो आणि पुढची चढणही पुन्हा पहिल्या पायरीपासून करावी लागते.

मेकॅनिक_वणी:
काकांचा हिशेब मान्य आहे, पण काही कंपन्या झिरो डेपसाठी अधिकृत वर्कशॉपचीच अट घालतात आणि वर्षातून किती क्लेम चालतील हेही बांधून टाकतात. गावातल्या माझ्यासारख्या गॅरेजचे बिल लावले की वाद होतात. ते अधिकृत वर्कशॉप किती लांब आहे, हेही धरा.

सर्व्हेकाका:
माझ्या अनुभवात गॅरेजच्या बिलावरही पूर्ण पैसे मिळालेले आहेत, फक्त जीएसटीचे पक्के बिल हवे आणि गाडी उघडण्यापूर्वी सर्व्हे झालेला हवा.

मेकॅनिक_वणी:
तुम्ही सर्व्हेअर होतात म्हणून मिळाले, काका.

विदर्भकन्या:
मी जुनी स्कूटी विकली आणि नवीन घेते आहे. माझा ३५ टक्के एनसीबी घेणाऱ्याला गेला का?

मास्तर_दारव्हा:
नाही, ताई, एनसीबी मालकाचा असतो, गाडीचा नसतो. जुन्या कंपनीकडून त्याचे प्रमाणपत्र मागून घ्या. बाकीसाठी कृपया वेगळा धागा काढा.

पांदणरस्ता, एक राहिले. पहिल्या पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा किती वर्षांचा होता? तो दोन्ही कागदांवर दिसत नाही. तेवढ्या रकमेचा वेगळा अपघात विमा तुमच्याकडे असेल तर तसे लिहून देता येते, नसेल तर तो घ्यावाच लागेल आणि दोन्ही भाव वाढतील.

पांदणरस्ता:
पहिली पॉलिसी पाहिली, तो एकाच वर्षाचा होता. नंतर भरलेला दिसत नाही. एजंटला फोन केला तेव्हा तो म्हणाला की नवीन कागद उद्या पाठवतो. वर्कशॉपच्या अटीबद्दल विचारले, तर त्याने 'सगळे चालते' एवढेच उत्तर दिले.

मेकॅनिक_वणी:
ते त्याच्याकडून लेखी घ्या.