मदत हवी आहे: दोन्ही पट्ट्या तांब्याच्याच, मग व्होल्टेज कुठून? आणि निम्मंच का?

निळीशाई
बारावीच्या मुलांना दाखवण्यासाठी कॉन्सन्ट्रेशन सेल मांडला आहे. एका बीकरमध्ये 1 M मोरचूद, दुसऱ्यात 0.01 M, दोन्हींत एकाच पत्र्यातून कापलेल्या तांब्याच्या पट्ट्या. मधे पोटॅशियम नायट्रेटमध्ये भिजवलेली फिल्टर पेपरची पट्टी. मल्टिमीटरची लाल वायर संहत बाजूला, काळी विरल बाजूला. वाचन +34 मिलिव्होल्ट.

दोन गोष्टी अडल्या आहेत. पट्ट्या सारख्याच असताना व्होल्टेज येतंच का, आणि सूत्र न घोकता दिशा कशी सांगायची? शिवाय नर्न्स्टप्रमाणे 59 यायला हवेत. 34 का येतात?

टिपकागद
एक पट्टी जस्ताची घ्या आणि तिच्याखाली झिंक सल्फेट ठेवा. सरळ 1.1 व्होल्ट मिळतील, मुलांना काटा हललेला दिसेल.

निळीशाई
तो डॅनियल सेल झाला. मला सारख्याच पट्ट्यांचं कारण हवंय.

वाहता_प्रवाह
हे साधं डिफ्यूजन आहे. जास्तीकडून कमीकडे जाण्याची ओढ. संहत बाजूचं तांबं विरल बाजूकडे जाऊ पाहतं, म्हणून इलेक्ट्रॉनही संहतकडून विरलकडे वाहतात.

क्षारसेतू
वाहता_प्रवाह, पहिलं वाक्य बरोबर, शेवटचं उलटं. आणि सगळे नेमके इथेच अडकतात, म्हणून जरा सावकाश लिहितो.

एका पट्टीजवळ काय चाललंय ते पाहा. धातूतला अणू दोन इलेक्ट्रॉन पट्टीतच ठेवून Cu²⁺ म्हणून द्रावणात उतरतो. त्याच वेळी द्रावणातला Cu²⁺ पट्टीवरचे दोन इलेक्ट्रॉन घेऊन तांबं होऊन बसतो. उतरण्याची ओढ दोन्ही पट्ट्यांत सारखी, कारण धातू एकच. बसण्याचं प्रमाण मात्र समोर किती आयन आहेत त्यावर ठरतं. विरल बाजूला बसणारे कमी, म्हणून त्या पट्टीवर इलेक्ट्रॉन जास्त साठतात आणि ती ऋण होते. संहत बाजूला बसणारे जास्त, ते इलेक्ट्रॉन खेचून घेतात, म्हणून ती पट्टी तिच्या मानाने धन. व्होल्टेज म्हणजे हा फरक. E° शून्य होतो तो धातू एकच असल्यामुळे. द्रावणं वेगळी असल्याचा परिणाम त्यात धरलेलाच नसतो.

तार जोडली की विरल बाजूची पट्टी विरघळते (ॲनोड), संहत बाजूच्या पट्टीवर तांबं चढतं (कॅथोड), आणि तारेतून इलेक्ट्रॉन विरलकडून संहतकडे जातात. हिशेबाने पाहिलं तर संहत बाजूचे आयन कमी झाले आणि विरल बाजूचे वाढले, म्हणजे वाहता_प्रवाह म्हणतात तसंच घडलं. पण एकही तांब्याचा आयन तारेतून गेला नाही. इकडे तांबं बसलं, तिकडे तेवढंच उतरलं.

दिशा काढायला मुलांना एकच प्रश्न विचारायला लावा: कोणती क्रिया झाली तर दोन द्रावणं एकमेकांसारखी होतील? संहत बाजूचे Cu²⁺ कमी व्हायला हवेत. ते कमी होतात `Cu²⁺ + 2e⁻ → Cu` या क्रियेने. म्हणजे तिथे क्षपण, म्हणजे कॅथोड, म्हणजे धन. लाल वायर तिथे लावल्यावर तुमचं वाचन अधिक आलं, ते बरोबरच आहे.

चंदेरी
मग माझ्याकडे उलटं का? सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचे दोन इलेक्ट्रोड, एक 0.1 M पोटॅशियम क्लोराइडमध्ये, एक 0.01 M मध्ये. संहत बाजूचा इलेक्ट्रोड ऋण येतो, साधारण 55 मिलिव्होल्ट. इलेक्ट्रोड खराब आहेत का?

क्षारसेतू
चंदेरी, इलेक्ट्रोड उत्तम आहेत. तोच प्रश्न इथे विचारा. संहत बाजूचे Cl⁻ कमी व्हायला हवेत. ते कमी होतात `Ag + Cl⁻ → AgCl + e⁻` ने, आणि यात इलेक्ट्रॉन सुटतात. म्हणून संहत बाजू ॲनोड, ऋण. इलेक्ट्रोड धन आयनाशी देवाणघेवाण करतो की ऋण आयनाशी, यावर दिशा फिरते. "संहत बाजू नेहमी धन" असं पाठ केलं की हीच गफलत होते.

आता निळीशाईंचे 34. सूत्रात खरं तर मोलॅरिटी नाही, ॲक्टिव्हिटी घालायची असते. मोरचुदात दोन्ही आयन दोन-दोन प्रभारांचे, ते एकमेकांना फार घट्ट धरून असतात. 1 M ला सरासरी ॲक्टिव्हिटी गुणांक सुमारे 0.04, आणि 0.01 M ला सुमारे 0.4. म्हणजे ॲक्टिव्हिटी 0.04 आणि 0.004. कागदावर 100 पट दिसणारा फरक प्रत्यक्षात जेमतेम 10 पट:

```
E = (0.0592/2) × log(0.04/0.004) ≈ 0.030 V
```

अपेक्षित वाचन 30 च्या आसपास, 59 नाही. तुमची मांडणी चुकलेली नाही.

निळीशाई
हे फार कामाचं आहे, आभार. पण वहीत सूत्राशी जुळणारा आकडा दाखवायचा असेल तर?

क्षारसेतू
दोन्ही द्रावणांत तिसरा क्षार सारखाच आणि भरपूर घाला, म्हणजे गुणांक दोन्हीकडे जवळपास सारखे होतात आणि भागाकारात कटतात. आधी 0.1 M पोटॅशियम नायट्रेट करा, 250 मिलीला 2.53 ग्रॅम. त्यातच 0.01 M कॉपर नायट्रेट बनवा. मग त्यातले 10 मिली घेऊन त्याच पोटॅशियम नायट्रेटने 100 मिली करा, झालं 0.001 M. पातळ करायला नुसतं पाणी वापरलंत तर सगळा उद्देशच गेला. 25 अंशांना 29 च्या आसपास यावं.

त्याआधी पट्ट्या तपासा. पॉलिश पेपरने घासा, सौम्य नायट्रिक आम्लात क्षणभर बुडवून डिस्टिल्ड पाण्याने धुवा, आणि दोन्ही एकाच बीकरमध्ये ठेवून वाचा. शून्य यायला हवं. तीन-चार मिलिव्होल्ट दिसले तर ते ऑक्साइडचे किंवा पत्रा वाकवल्यामुळे आलेल्या ताणाचे. मोजल्यावर पट्ट्यांची अदलाबदल करून पुन्हा वाचा आणि सरासरी घ्या. पट्टीचा दोष एकदा मिळवला जातो, एकदा वजा होतो, सरासरीत निघून जातो.

चंदेरी
मोरचुदाला पोटॅशियम क्लोराइडचा पूल चालेल ना?

क्षारसेतू
थोड्या वेळापुरता चालतो, पण क्लोराइड झिरपून तांब्याच्या आयनांना बांधतं, म्हणून नायट्रेट बरं. चांदीच्या द्रावणाला मात्र क्लोराइड नकोच, पुलाच्या टोकाशी पांढरा साका धरतो.

वाहता_प्रवाह
30 आणि 34 मधल्या 4 चं काय?

क्षारसेतू
दोन शक्यता आहेत. एक, पट्ट्यांतला फरक. दोन, फिल्टर पेपर. तो दोन्हीकडून मोरचूद वर ओढतो, आणि मधे दोन मोरचूद द्रावणं थेट भिडतात. सल्फेट तांब्याच्या आयनापेक्षा चपळ, ते विरल बाजूकडे आधी पोचतं आणि ती बाजू आणखी ऋण करतं. त्यामुळे वाचन वाढतं. निळीशाई, कागद निळा पडलाय का? आणि वाचन सुरुवातीपासून 34 होतं की चढत गेलं?

निळीशाई
संहत बाजूचं टोक निळं पडलंय. वाचन चढलं की नाही ते लिहून ठेवलेलं नाही. पट्ट्यांची अदलाबदलही राहिली आहे.

क्षारसेतू
मग आत्ता दोन्हींपैकी काहीच ठामपणे म्हणता येणार नाही. 100 मिली पाण्यात 10 ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट आणि 3 ग्रॅम अगर उकळून U-नळीत भरा, थिजल्यावर तो पूल लावा, अदलाबदल करा आणि दोन्ही आकडे इथे टाका.