चर्चा: मेलच्या तळाशी ‘नको असल्यास कळवा’ लिहिलं की परवानगी मिळाली असं होतं का?

शिरोलीचा फाउंड्रीवाला
आमची छोटी फाउंड्री आहे. पंपाचं केसिंग, व्हॉल्व्ह बॉडी असलं ओततो आणि मशिनिंग करून देतो. जर्मनी, इंग्लंड, अमेरिका मिळून १८० कंपन्यांच्या परचेसवाल्यांना मेल टाकला. १२० पत्ते त्यांच्या वेबसाइटवरून आणि प्रदर्शनाच्या कॅटलॉगमधून घेतले, ६० एका यादी विकणाऱ्याकडून. यातल्या एकालाही भेटलेलो नाही. तळाशी ‘नको असल्यास कळवा’ ही ओळ होती. तरी एका जर्मन कंपनीच्या वकिलाचं पत्र आलंय, त्याच्या फीच्या बिलासकट. धंद्याच्या पत्त्यावर धंद्याचा मेल पाठवला, नको म्हणायची सोयही दिली. मग चुकलं कुठं?

घाटमाथा
नावाच्या पत्त्यावर पाठवलात ना, तिथंच चुकलं. माणसाचं नाव आलं की तो वैयक्तिक डेटा झाला आणि युरोपचा डेटा संरक्षण कायदा, जीडीपीआर, लागला. `info@` किंवा `einkauf@` असा खात्याचा पत्ता असेल तर तो कुणा माणसाचा नसतो. तिथं बिनधास्त पाठवा. आमच्या कन्सल्टंटने हेच सांगितलंय, तीन वर्षं करतोय, काही झालं नाही.

श्टुटगार्ट रिटर्न
घाटमाथा, अर्धं बरोबर आहे. खात्याचा पत्ता सहसा वैयक्तिक डेटा नसतो, मान्य. पण जर्मनीत ही तक्रार फक्त डेटाच्या कायद्यावर अवलंबून नसते. तिथं अनुचित स्पर्धेविरुद्धचा वेगळा कायदा आहे, त्याचं कलम ७. जाहिरातीचा ई-मेल पाठवायचा तर समोरच्याची आधी, स्पष्ट संमती हवी, असं ते सांगतं. समोर घरगुती ग्राहक आहे की कंपनी, असा भेद ई-मेलला नाही. `einkauf@` ला पाठवला तरी तेच. तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००९ मध्ये म्हटलंय की न मागता आलेला एकच जाहिरातीचा मेलसुद्धा कंपनीच्या कामकाजात ढवळाढवळ ठरू शकतो. एकच, हे लक्षात घ्या. तळाची ओळ नंतर नको म्हणायची सोय देते, आणि कायदा आधीचं ‘हो’ मागतोय.

फाउंड्रीवाले, तुम्हाला आलेल्या पत्राला तिकडे आब्माहनुंग म्हणतात. सरकारी नोटीस नव्हे ती, समोरच्याच्या वकिलाची ताकीद असते. सोबत एक हमीपत्र असेल बघा: पुन्हा मेल पाठवणार नाही, पाठवला तर दर वेळी अमुक युरो दंड भरीन. ते आहे तसं सही करून परत पाठवू नका. हमीपत्राला मुदतीची अट नसते, ते वर्षानुवर्षं गळ्यात राहतं. पत्रातली तारीख उलटायच्या आत जर्मन वकिलाकडून मजकूर आखडता करून घ्या. ‘कुठलीही जाहिरात, कुणालाही’ असं लिहिलं असेल तर ते ‘या पत्त्यावर, संमतीशिवाय’ इतकंच राहायला पाहिजे.

शिरोलीचा फाउंड्रीवाला
हमीपत्र आहे खरं. सही करून मोकळं व्हावं म्हणत होतो. पण मला एक सांगा राव, आधी संमती घ्यायची तर ती मागायची कशी? मेल टाकूनच ना?

श्टुटगार्ट रिटर्न
तीच तर मेख आहे. ‘तुम्हाला माहिती पाठवू का?’ एवढं विचारणारा मेलसुद्धा तिथली न्यायालयं जाहिरातच धरतात. मात्र छापील पत्र टपालाने पाठवायला अशी संमती लागत नाही. कंपनीला फोन करायला पूर्ण संमती नको, पण ‘यांना यात रस असणार’ असं मानायला ठोस कारण हवं. पंप बनवणाऱ्याला केसिंगबद्दल फोन केलात तर बाजू मांडता येते, त्यालाच सोलर पॅनेल विकायला केलात तर नाही. आणि फोनवर ‘मेल करा’ म्हणाला, तर नाव, तारीख, वेळ आणि नेमकं काय पाठवा म्हणाला ते लिहून ठेवा. संमती होती हे सिद्ध करायची वेळ आली की ते ओझं पाठवणाऱ्यावर असतं.

गडहिंग्लजची सून, पुण्यात
डीएनडी लावायचं ना सरळ. मी १९०९ ला मेसेज केला, लोनवाल्यांचे फोन निम्म्याने कमी झाले.

घाटमाथा
ताई, ते फोन आणि एसएमएसचं. इथं मेलचं चाललंय, आणि पाठवणाऱ्याच्या बाजूने.

एडिसन, न्यू जर्सी
जर्मनीवरून सगळ्या जगाला घाबरू नका. इकडे २००३ चा कॅन-स्पॅम कायदा आहे, त्यात आधी संमती लागत नाही. कंपनी ते कंपनी मेललाही तो लागू आहे, पण अटी सोप्या आहेत. विषयाची ओळ फसवी नको, मेल जाहिरातीचा आहे हे कळायला हवं, तुमचा खरा टपालाचा पत्ता हवा, आणि नको म्हणायची चालू सोय. नको म्हटल्यावर कामकाजाच्या १० दिवसांत थांबायचं. फाउंड्रीवाल्यांच्या मेलमध्ये टपालाचा पत्ता होता का? भारतातून येणाऱ्या मेलमध्ये बहुतेक वेळा तोच नसतो. आणि माझं प्रामाणिक मत, जर्मन नियम छोट्या माणसाच्या मुळावर आहे. ज्याच्याकडे प्रदर्शनात स्टॉल लावायचे पैसे आहेत, त्यालाच गिऱ्हाईक भेटणार.

खरेदी विभाग, भोसरी
मी पलीकडच्या बाजूची, म्हणून बोलते. आम्ही कास्टिंग विकत घेतो. सकाळी मशीन ऑन केलं की अनोळखी सप्लायरचे वीस-पंचवीस मेल. ‘डियर सर’ म्हणून, मी बाई असताना. छोटा माणूस वगैरे ठीक आहे हो, पण माझी सकाळ पण छोटीच आहे.

मेल वाईट नाही. गेल्या वर्षी एकाने लिहिलं होतं, ‘तुमच्या वेबसाइटवरच्या व्हेंडर नोंदणीच्या पानावरून हा पत्ता घेतला. आमच्याकडे ४० किलोपर्यंतचं एसजी आयर्न ओततो. उपयोग नसेल तर फक्त नको असं उत्तर द्या.’ त्याला मी ड्रॉइंग पाठवलं. पत्ता कुठून मिळाला हे त्याने आपणहून सांगितलं म्हणून विश्वास बसला.

दुसऱ्या एकाला मी तीनदा ‘काढून टाका’ लिहिलं. दर वेळी ‘शुअर मॅम’ आणि दोन महिन्यांनी परत मेल. शेवटी स्पॅमचं बटण दाबलं.

श्टुटगार्ट रिटर्न
भोसरीच्या ताईंनी सांगितलेलं ‘पत्ता कुठून मिळाला’ हे नुसतं सौजन्य नाही. युरोप आणि इंग्लंडमध्ये नाव असलेला पत्ता दुसरीकडून घेतला असेल, तर तुम्ही कोण, का लिहिताय आणि माहिती कुठून आली हे पहिल्या संपर्काच्या वेळीच सांगायचं असतं. नियमच आहे तो. माझ्या मते फाउंड्रीवाल्यांचं खरं अडचणीचं दुखणं ते विकत घेतलेले ६० पत्ते आहेत. कुणी विचारलं ‘माझा पत्ता कुठून आणला?’ तर महिन्याभरात उत्तर द्यायचं असतं. यादीवाल्याने ते कुठून आणले, हे तुम्हाला माहीत आहे?

शिरोलीचा फाउंड्रीवाला
नाही. एक्सेल शीट आली, नाव, हुद्दा, मेल. विचारलं तर म्हणाला ‘जीडीपीआर कम्प्लायंट आहे सगळं’.

श्टुटगार्ट रिटर्न
मग ती ६० बाजूला काढा. त्याच्या शब्दावर तुमची बाजू उभी राहत नाही.

इंग्लंडचे पत्ते मात्र जपून वापरता येतील. तिथं लिमिटेड कंपनीला मेल पाठवायला आधी संमती नको, तुमची ओळख आणि नको म्हणायचा पत्ता द्यावा लागतो. पण एकट्या मालकाचा धंदा, तसंच इंग्लंड-वेल्समधली साधी भागीदारी, यांना व्यक्तीसारखंच धरतात. तिथं संमती हवी. म्हणून नावापुढे ‘लिमिटेड’ आहे का, हे कंपनी नोंदणीत बघून घ्या.

घाटमाथा
आणि आपल्याकडे? भारतात तर काही कायदाच नाही.

एडिसन, न्यू जर्सी
२०२३ चा डेटा संरक्षण कायदा विसरलात का? नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागणार.

घाटमाथा
त्यात माणसाने स्वतःच जाहीर केलेली माहिती वगळली आहे, तेही वाचा. वेबसाइटवरचा पत्ता म्हणजे जाहीरच.

खरेदी विभाग, भोसरी
माझा पत्ता वेबसाइटवर कंपनीने टाकलाय, मी नाही. मग ते ‘स्वतः’ जाहीर केलेलं धरायचं का?

घाटमाथा
हे त्या कायद्याखालच्या डेटा संरक्षण बोर्डापुढे प्रकरण गेल्याशिवाय कळणार नाही. माझं मत, धरायचं.

खरेदी विभाग, भोसरी
माझं मत, नाही.

सर्व्हर सांभाळतो
एक कुणी बोललं नाही. भोसरीच्या ताईंना ‘शुअर मॅम’ म्हणून परत मेल येतो, कारण त्या माणसाने ताईंची ओळ शीटमधून डिलीट केली असणार. दोन महिन्यांनी नवी यादी आली, त्यात ताई परत होत्या, आणि जुनं ‘नको’ कुठंच नोंदलेलं नव्हतं. आमच्याच कंपनीत असं झालंय. नको म्हणणाऱ्याला पुसायचं नसतं. त्याचा फक्त पत्ता आणि तारीख वेगळ्या शीटमध्ये ठेवायची, आणि दर वेळी पाठवण्याआधी नवी यादी तिच्याशी ताडायची. फाउंड्रीवाल्यांनी हमीपत्रावर सही केली तर हे शीट सेल्सच्या प्रत्येक पोराकडे पाहिजे. नाहीतर उद्या नवीन पोरगा जुनी फाइल उघडेल आणि दंड तुम्ही भराल.

दुसरं, अनसबस्क्राइबची लिंक. आम्ही साधी लिंक ठेवली, उघडली की नाव कमी. पहिल्याच दिवशी ३१ जण कमी झाले, त्यातले २६ दोन मिनिटांच्या आत. आम्ही आनंदाने म्हटलं, चला, लोक निदान वाचतात तरी. मग लॉग बघितला. तो क्लिक माणसांचा नव्हता, त्या कंपन्यांच्या मेल सुरक्षेच्या यंत्रणा प्रत्येक लिंक उघडून तपासत होत्या. म्हणून लिंक उघडल्यावर पानावर ‘हो, थांबवा’ असं एक बटण ठेवायचं आणि नाव त्या बटणाने कमी करायचं. लॉगिन, कारण विचारणं वगैरे भानगड नको. मेलच्या हेडरमध्ये या दोन ओळी टाकल्या की जीमेल स्वतःच वर अनसबस्क्राइब दाखवू शकतं आणि तो दाबला की यंत्राकडून वेगळी विनंती येते, नुसती लिंक उघडून नाव जात नाही:

```
List-Unsubscribe: <https://example.com/u/8f3a>
List-Unsubscribe-Post: List-Unsubscribe=One-Click
```

दिवसाला ५,००० च्या वर मेल जीमेलला पाठवणाऱ्यांना २०२४ पासून हे सक्तीचं आहे. १८० वाल्याला सक्ती नाही. पण ताईंसारख्या दोघातिघांनी स्पॅम दाबलं की तुमचं कोटेशनसुद्धा गिऱ्हाइकाच्या जंकमध्ये पडायला लागतं, हे आम्ही भोगलंय.

एडिसन, न्यू जर्सी
१८० मेल हाताने पाठवणाऱ्याला हेडर कशाला शिकवताय? ‘नको’ असं उत्तर द्या, एवढी ओळ पुरे. फक्त ते उत्तर कुणीतरी वाचलं पाहिजे.

सर्व्हर सांभाळतो
तेच तर होत नाही ना. विचारा त्यांना, ‘नको’ची उत्तरं कुठल्या मेलबॉक्समध्ये येतात.

शिरोलीचा फाउंड्रीवाला
आत्ता बघितलं. `sales@` मध्ये येतात, आणि तो मेलबॉक्स बघणारा पोरगा मार्चमध्ये सोडून गेलाय. सात ‘नको’ पडून आहेत. त्यातला एक त्याच जर्मन कंपनीचा, वकिलाच्या पत्राच्या तीन आठवडे आधीचा. त्यानंतर आम्ही त्यांना आणखी एक मेल पाठवलाय.

श्टुटगार्ट रिटर्न
हे वकिलाला पहिल्याच फोनमध्ये सांगा. त्याला समोरच्याकडून कळलं तर तुमचंच नुकसान.

घाटमाथा
मी आमचा `info@` उघडून बघतो जरा.